चार फोटो आणि वहीचं एक पान

माती परीक्षणाचा अहवाल घरात आला की त्याचं पुढे काय होतं? बहुतेक घरांत तो विजेच्या बिलांसोबत पिशवीत जातो. कुणी विचारलं तर सांगायचं, "केलीय की माती तपासून." खत मात्र दुकानदार सांगेल तेच आणि गेल्या वर्षी टाकलं तेवढंच. तुमच्याही घरात अशी पिशवी असेल, तर आज ती एकदा उघडा आणि ही गोष्ट वाचता वाचता समोर ठेवा.

गोष्ट बेल्ह्याची आहे. आळेफाट्यावरून नगरच्या दिशेने निघालं की लागणारं, बैलबाजाराचं बेल्हे. गोष्टीतली मुलगी आम्ही कल्पनेने उभी केली आहे. पण तिच्या वहीतलं गणित आणि त्यामागच्या शिफारशी खऱ्या आहेत. जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेकडचा पट्टा डोंगराकडच्या भागापेक्षा कोरडा. एका शेतात काळी जमीन, तर बांध ओलांडला की मुरूम. या मुलीच्या घरचंही तसंच आहे. ओढ्यालगत दोन एकर काळं रान, त्याला घरात 'खालचं' म्हणतात. माळाच्या अंगाला एक एकर हलकं रान, ते 'वरचं'. ती पुण्यात हॉस्टेलला राहून बी.कॉम. करते. शेतीचं शिक्षण नाही, पण हिशेबाची भीतीही नाही.

बाजरी निघाल्यावर तिच्या वडिलांनी, आण्णांनी, दोन्ही रानांची माती तपासायला दिली. जवळच नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र असल्यामुळे या भागात माती परीक्षण ही नवलाची गोष्ट नाही. दिवाळीच्या आधी अहवाल आले. आण्णांनी चार पानांचे चार फोटो काढून तिला पाठवले आणि खाली लिहिलं, "बघ काय म्हणतंय. कांद्याचं रोप टाकलंय. खत भरायचंय."

तीन एकर कांदा करायचा आणि एकरी 10:26:26 च्या तीन गोण्या व युरियाच्या दोन, हे आण्णांचं ठरलेलंच होतं. आता अहवाल वाचून त्यात काही बदलायचं का, एवढाच प्रश्न होता.

घरात एक जुनं मृदा आरोग्य पत्रिकेचं कार्डही होतं. ही योजना केंद्र सरकारने 19 फेब्रुवारी 2015 ला राजस्थानातल्या सुरतगडहून सुरू केली. बारा बाबी तपासून शेतकऱ्याला पत्रिका द्यायची, अशी ती योजना. मग तेच कार्ड वापरायला काय हरकत होती? हरकत अशी की त्या योजनेत नमुने जाळी आखून घेतले गेले. बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे तुमच्या नावाच्या कार्डावरची माती शेजाऱ्याच्या रानातली असू शकते. खालच्या-वरच्या रानात एवढा फरक असेल तर ते कार्ड दोघांपैकी एकाबद्दल चुकीचंच बोलणार. तिने ते बाजूला ठेवलं. तुमच्याकडचा कागद वाचण्याआधीही पहिला प्रश्न हाच विचारा, की नमुना नेमका कुठल्या रानातून आणि कुणी घेतला?

मग ती फोटोंकडे वळली, आणि तिथेच पहिली गडबड निघाली.

खालच्या रानाच्या अहवालात सेंद्रिय कर्बासमोर 4.8 टक्के असं दिसत होतं. घडीची रेघ नेमकी त्या आकड्यावरून गेली होती. आपल्या उष्ण, कोरड्या भागात सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या वर जाणंही दुर्मीळ, त्यामुळे 4.8 हा आकडा डोळ्यांत खुपायलाच हवा. दुसरी खूणही त्याच पानावर होती. उपलब्ध नत्र हेक्टरी 188 किलो, म्हणजे कमी. जमिनीतला नत्र मुख्यतः सेंद्रिय पदार्थांतून येतो, म्हणून कर्ब आणि नत्र साधारण जोडीने चालतात. कर्ब डोंगराएवढा आणि नत्र तळाला, असं सहसा होत नाही. आकडा 0.48 होता. घडीत सुरुवातीचं शून्य गेलं होतं आणि टिंब सरकल्यासारखं दिसत होतं.

दुसरी गडबड अधिक महागात पडली असती. स्फुरदासमोर 17 होतं, पण 17 काय? फोटो काढताना तक्त्याची वरची ओळ कापली गेली होती आणि एकक त्याच ओळीत असतं. काही प्रयोगशाळा स्फुरद हेक्टरी किलोत देतात, काही पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग. पीपीएमला 2.24 ने गुणलं की साधारण हेक्टरी किलो मिळतात. 17 किलो असेल तर आपल्याकडच्या वर्गवारीत स्फुरद 'मध्यम' आणि शिफारशीएवढं खत पूर्ण द्यायचं. 17 पीपीएम असेल तर ते होतात 38 किलो, म्हणजे 'अत्यंत जास्त', आणि खत निम्मं करायचं. एका कापलेल्या ओळीवर स्फुरदाच्या निम्म्या गोण्या अवलंबून होत्या.

तिने धाकट्या भावाला फोन करून पानं पुन्हा टिपायला लावली. कागद अंगणात, सावलीत, सपाट फरशीवर ठेव. घडी हाताने दाबून सरळ कर. फोन कागदाच्या बरोबर वर धर, तिरका नको. चारही कोपरे दिसू देत. आणि साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत. दुसऱ्या खेपेला वरची ओळ आली. एकक हेक्टरी किलो होतं.

आता तिने वहीत दोन रकाने आखले, खालचं आणि वरचं. चार पानांवरचे सगळे आकडे उतरवले नाहीत; या रब्बीत ज्यावर काही ठरणार होतं तेवढेच घेतले. खालच्या रानाचा सामू 8.2, सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के, नत्र 188, स्फुरद 17 आणि पालाश 392 किलो. शिवाय गंधक, जस्त आणि लोह कमी. वरच्या रानाचा सामू 7.4, कर्ब 0.32 टक्के, नत्र 150, स्फुरद 11, पालाश 178.

नुसत्या आकड्यांवरून खत ठरत नाही. त्याला पिकाच्या शिफारशीची जोड लागते. रब्बी कांद्याला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद, 50 किलो पालाश अशी आहे आणि तीही भरपूर शेणखत धरून. इथे 'हेक्टरी' हा शब्द बोट ठेवून वाचा. आपण एकरात विचार करतो. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. हेक्टरचा आकडा एकराला लावला की खत अडीचपट जातं, आणि ही चूक कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आकडा बरोबरच असतो. तिने तिन्ही आकड्यांना अडीचने भागलं. एकरी 40, 20, 20.

पुढची पायरी म्हणजे जमिनीप्रमाणे कमी-जास्त करणं. नियम सोपा आहे. अन्नद्रव्य 'कमी' असेल तर शिफारशीच्या सव्वापट द्यायचं, 'मध्यम' असेल तर शिफारशीएवढं, आणि 'अत्यंत जास्त' असेल तर निम्मं. नत्रात 140 ते 280 किलो म्हणजे कमी, म्हणून 40 चे झाले 50. स्फुरद 15 ते 21 म्हणजे मध्यम, 20 चे 20 राहिले. पालाश 300 च्या वर म्हणजे अत्यंत जास्त, 20 चे 10 झाले.

खालच्या रानाला एकरी 50, 20, 10. आता आण्णांची नेहमीची मात्रा शेजारी मांडा. 10:26:26 च्या 50 किलोच्या तीन गोण्यांत 15 किलो नत्र, 39 किलो स्फुरद, 39 किलो पालाश. युरियाच्या 45 किलोच्या दोन गोण्यांतून आणखी 41 किलो नत्र. एकूण 56, 39, 39. नत्राचा अंदाज आण्णांचा जवळपास बरोबर होता, ते मान्य केलं पाहिजे. पण स्फुरद दुप्पट जात होतं आणि पालाश जवळजवळ चौपट. तेही ज्या जमिनीत पालाश आधीच भरून आहे, तिथे. दख्खनच्या काळ्या जमिनींत पालाश मुळातच बऱ्यापैकी असतं. दुसरीकडे गंधक कमी होतं आणि ते या मात्रेत कुठेच नव्हतं.

हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, पोटॅश तोडल्यावर कांदा पोसायचा कसा? आणि बराखीत टिकायचा कसा?"

प्रश्न रास्त आहे. पालाश कांद्याच्या पोसण्याशी आणि टिकण्याशी जोडलेलं आहेच. म्हणून तर नियम 'बंद करा' म्हणत नाही, 'निम्मं करा' म्हणतो. पण पिकाला पालाश गोणीतून मिळालं की जमिनीतून, हे पिकाला कळत नाही. बराखीत कांदा सडण्याची दुसरी एक मोठी वाट असते आणि ती युरियाची. लागवडीनंतर दोन महिने उलटल्यावर नत्र दिला की पात वाढत राहते, मान जाड होते, कांदा नीट सुकत नाही आणि साठवणुकीत मानेपासून सडतो. म्हणून तिने युरियाच्या तारखाच बांधल्या. निम्मा लागवडीच्या वेळी आणि उरलेला दोन हप्त्यांत, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतर पात पिवळी दिसली तरी गोणी उघडायची नाही. आधी पाणी, मर आणि फुलकिडे बघायचे.

आता किलोंच्या गोण्या करायच्या होत्या. स्फुरदासाठी तिने सिंगल सुपर फॉस्फेट धरलं. त्यात 16 टक्के स्फुरद असतं आणि सोबत 11 टक्के गंधकही. 20 किलो स्फुरदाला 125 किलो सुपर फॉस्फेट लागतं, म्हणजे एकरी अडीच गोण्या, आणि त्यातून जवळपास 14 किलो गंधक आपोआप जातं. गंधकाची वेगळी पिशवी घ्यायला नको. 10 किलो पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश 17 किलो. 50 किलो नत्रासाठी युरिया 108 किलो. लागवडीला 54, मग 27 आणि 27.

जस्त आणि लोह कमी असण्यामागे सामू 8.2 चा मोठा हात आहे. अशा चुनखडीकडे झुकणाऱ्या जमिनीत लोह असलं तरी मुळांना सहज मिळत नाही आणि वरून नुसतं फेरस सल्फेट फेकलं तर तेही अडकून पडतं. म्हणून एकरी 10 किलो फेरस सल्फेट आणि 8 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून, आठवडाभर मुरवून द्यायचं, असं तिने लिहिलं. झिंक सल्फेट सुपर फॉस्फेटमध्ये मिसळायचं नाही, दोघांची एकमेकांत गाठ बसते. जस्ताच्या आकड्यावर तिला एक शंका होती. नमुना पत्र्याच्या बादलीत गोळा केला असता तर बादलीवरच्या जस्ताच्या मुलाम्यामुळे आकडा फुगला असता. "बादली कसली होती?" तिने विचारलं. "प्लॅस्टिकची." मग आकडा धरायला हरकत नव्हती.

वरच्या रानाचं गणित मात्र वेगळ्याच दिशेने गेलं. स्फुरद आणि नत्र कमी, कर्बही कमी. खत वाढवून कांदा करता येईल, असं कागदावरून वाटत होतं. तिने तसा हिशेब मांडलाही होता. आण्णांनी तो एका वाक्यात मोडला. "तिथं वीतभर मातीखाली मुरूम लागतो, आणि मार्चात विहीर किती देते ते तुला ठाऊक आहे." हे दोन्ही कागदावर नव्हतं. नेहमीचा अहवाल वरच्या वीतभर थराबद्दल बोलतो. माती किती खोल आहे, तिच्यात ओल किती दिवस टिकते, विहीर किती तास चालते, यातलं काही तो सांगत नाही. रब्बी कांद्याला दहा-बारा पाळ्या तरी लागतात, हलक्या रानात त्याहून जास्त, आणि शेवटच्या पाळ्या नेमक्या विहीर आटायच्या दिवसांत येतात. तीन एकराला पाणी पुरवता पुरवता खालचे दोन एकरही ताणावर गेले असते.

म्हणून वर हरभरा. तो दोन पाण्यांवर येतो, फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक. हरभऱ्याची शिफारस हेक्टरी 25, 50, 30, म्हणजे एकरी 10, 20, 12. स्फुरद कमी होतं म्हणून 20 चे 25 केले. नत्रही कमी होता, पण तो तिने वाढवला नाही. हरभरा मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतः मिळवतो. त्याला सुरुवातीपुरता पुरतो. डीएपीच्या एका गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असतं. दोन किलो स्फुरदासाठी दुसरी गोणी फोडण्यात अर्थ नव्हता. एक गोणी डीएपी, 20 किलो पोटॅश आणि बियाण्याला रायझोबियम व स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया, एवढ्यात वरचं रान संपलं. वाण 'विजय' घ्यायचं आण्णांनीच ठरवलं.

वहीचं जे पान शेवटी घरच्या भिंतीवर लागलं त्यावर सामू नव्हता, टक्के नव्हते, पीपीएम नव्हतं. खरेदीची यादी होती. सुपर फॉस्फेट पाच गोण्या, युरिया पाच, डीएपी एक, पोटॅश एक, झिंक सल्फेट 16 किलो, फेरस सल्फेट 20 किलो. दोन्ही रानांचं मिळून पोटॅश 54 किलो होत होतं. चार किलोंसाठी तिने गोणी वाढवली नाही. खाली तारखा होत्या. लागवडीच्या दिवसाची जागा रिकामी ठेवून तिसावा आणि पंचेचाळिसावा दिवस. आणि सगळ्यात उपयोगी पडलेली ओळ होती गुंठ्याची. एकरात 40 गुंठे. खत टाकणाऱ्या माणसाला 'एकरी 125 किलो' सांगून काही हाती लागत नाही. म्हणून गुंठ्याला सुपर फॉस्फेट तीन किलोंच्या थोडं वर, पोटॅश सव्वाचारशे ग्रॅम, लागवडीचा युरिया 1 किलो 350 ग्रॅम आणि नंतरच्या प्रत्येक हप्त्याला त्याच्या निम्मा. आईने एक डबा वजनकाट्यावर भरून त्याला आतून खूण केली. सव्वाचारशे ग्रॅम पोटॅश हाताने सारखं पसरणं अवघडच. ते सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून टाकायचं ठरलं.

तुम्ही हे घरी करणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या अहवालात आकडे वेगळे असतील, तुमचं पीकही वेगळं असेल, त्यामुळे वरची यादी उचलून चालणार नाही. उचलायची ती पद्धत. आणि नमुनाच बरोबर नसेल तर पुढचं सगळं गणित वाया. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची, नुकतंच खत पडलेली माती घ्यायची नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी, इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे घेऊन त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार भागांतले समोरासमोरचे दोन भाग टाकत अर्धा किलोवर आणायची. अहवाल हातात आल्यावर शंका राहिलीच तर कृषी विज्ञान केंद्रात तोच कागद घेऊन जा. कांद्यापुरतं विचारायचं असेल तर राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्थाच आहे, बेल्ह्याहून फार लांब नाही.

आण्णा पूर्ण पटून तयार झाले होते का? नाही. दिवाळीला ती घरी आली तेव्हा दोघं खालच्या रानात उभे राहून बराच वेळ वाद घालत होते. कांदा गेला तर वर्ष जातं, मुलीची फीही त्यातूनच जाते, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी तोड निघाली ती पाच गुंठ्यांवर. तेवढ्या जागेत जुनी मात्रा द्यायची. 10:26:26 चे 19 किलो आणि युरिया सव्वाअकरा किलो. बाकी सगळीकडे वहीप्रमाणे. जागा आण्णांनी निवडली, आणि ती ओढ्याकडच्या कडेला नव्हती. "तिथं माती भारी आहे, तिथं काहीही टाकलं तरी येतंय. मधली घे." मधल्या वाफ्यांना चारही बाजूंनी खुंट्या ठोकल्या. बाकी सगळं सारखं ठेवायचं ठरलं. तेच रोप, तीच तारीख, तेच पाणी. काढणीला दोन्हीकडे पाच-पाच ठिकाणी एक मीटर लांब-रुंद चौकोन मोजून कांदा वजन करायचा. पण नुसत्या वजनावर आण्णा ऐकणार नव्हते.

"पाच गुंठ्यांतला माल बराखीत वेगळा टाकायचा," ते म्हणाले, "मधी बांबूचा कप्पा करू. श्रावणापर्यंत बघू कुठला किती सडतोय."

तिने वहीच्या त्याच पानावर, लागवडीच्या रिकाम्या तारखेखाली, आणखी एक रिकामी तारीख लिहून ठेवली.